ठिगळ उघडे का पडते?

गटछायाचित्रातला एखादा चेहरा बदलणे ही आता काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चाळीस माणसे पायऱ्यांवर उभी केली की कुणाचे तरी डोळे मिटतात, कुणी तरी नेमके त्याच क्षणी मान वळवते. म्हणून छायाचित्रकार एकाच जागेवरून दोन-तीन वेळा बटण दाबतो आणि पुढे एका फोटोतला बिघडलेला चेहरा काढून तिथे दुसऱ्या फोटोतला बरा चेहरा बसवला जातो. पूर्वी हेच काम कात्री, डिंक आणि पुन्हा एकदा काढलेला फोटो यांनी व्हायचे. आज ते संगणकावर होते. फरक एवढाच की कात्रीची रेघ डोळ्याला लगेच दिसायची आणि संगणकातली रेघ दिसत नाही, असे आपल्याला वाटते.

ती दिसते. आणि गंमत अशी की बहुतेक वेळा ती चेहरा वाईट कापल्यामुळे दिसत नाही, तर काम चालू असताना फाइल ज्या प्रकारात जतन केली त्यामुळे दिसते. मी शनिवार-रविवार गावातल्या एका फोटो स्टुडिओत काम करतो, आणि गेल्या दोन वर्षांत जी ठिगळे मी पाहिली, त्यांतली निम्म्याहून अधिक या एका कारणाने उघडी पडलेली होती. मित्रहो, म्हणून या लेखात फोटो कसा काढावा किंवा चेहरा कसा कापावा हे मी सांगणार नाही. दोन कामांच्या मध्ये फाइल कशी ठेवावी, एवढेच सांगणार आहे.

प्रसंग आपल्याच महाविद्यालयातला आहे. ग्रंथालयातल्या मावशी यंदा मे महिन्यात निवृत्त होणार म्हणून आमच्या विभागाने त्यांच्यासह एक गटछायाचित्र काढले आणि ते बारा इंच बाय अठरा इंच आकारात चौकट करून त्यांना द्यायचे ठरले. त्रेचाळीस माणसे, तीन रांगा, तिकाटण्यावर कॅमेरा, दोन फोटो. पहिल्या फोटोत बेचाळीस जण उत्तम आले आणि नेमके मावशींचेच डोळे मिटलेले. दुसऱ्यात मावशी छान हसल्या आहेत, पण मागच्या रांगेतली पाच-सहा मुले हलली आहेत. ज्यांच्यासाठी फोटो, त्यांचेच डोळे बंद. तो तसाच भिंतीवर लावायला देणे कुणालाच बरे वाटेना. मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "अरे, माझाच चेहरा माझ्याच जागी बसवताय ना? मग बसवा की." काम माझ्याकडे आले.

मागच्या वर्षीच्या एका गटफोटोची आठवण सगळ्यांना होती. तोही असाच दुरुस्त करून आला होता. कुणी केला ते सांगण्यात अर्थ नाही. त्यात दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा चेहरा मेणाचा असल्यासारखा दिसत होता आणि केसांच्या कडेने बारीक चौकोनांची झालर होती. भिंतीवर टांगल्यावर येणारे-जाणारे बोट दाखवून म्हणत, "हिचं डोकं बदललंय." त्या मुलीला ते किती लागले असेल, ते तिलाच ठाऊक. त्या फोटोची फाइल मी मागून घेतली आणि संगणकावर मोठी करून पाहिली. त्यातून जे कळले, तेच पुढे मांडतो.

आधी जेपेग म्हणजे काय हे थोडे पाहावे लागेल. कॅमेरा, मोबाइल, परीक्षेच्या अर्जाला जोडायचा फोटो, सगळीकडे हीच फाइल असते. हे प्रमाण १९९२ साली ठरले. आमच्या कॅमेऱ्याचा फोटो सहा हजार बाय चार हजार ठिपक्यांचा, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे धरले तर बहात्तर एमबी जागा लागेल. कॅमेरा तीच गोष्ट आठ-दहा एमबीत बसवतो. उरलेले जाते कुठे? ते टाकून दिले जाते. मात्र अशा हुशारीने की डोळ्याला सहसा कळू नये.

टाकून देण्याची रीत अशी. संपूर्ण फोटोचे आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असे चौकोन पाडले जातात, अगदी गणिताच्या वहीसारखे. ही पाडणी फोटोच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. प्रत्येक चौकोनातल्या चौसष्ट ठिपक्यांचे दुसऱ्या चौसष्ट आकड्यांत रूपांतर होते. त्यातला पहिला आकडा त्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो आणि बाकीचे त्रेसष्ट त्यातले चढउतार सांगतात, आधी ठळक आणि मग बारीक. इथपर्यंत काहीही हरवत नाही. यानंतर प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या पायरीने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकावर आणले जाते. हरवते ते इथे.

एक आकडा घेऊन पाहू. समजा, एका चौकोनातला एक आकडा १३७ आहे आणि पायरी ६ आहे. १३७ भागिले ६ म्हणजे २२.८, जवळचा पूर्णांक २३. फाइलमध्ये २३ लिहिले जाते. फाइल पुन्हा उघडली की २३ गुणिले ६, म्हणजे १३८ मिळतात. १३७ चे १३८ झाले; कुणाला कळणार? आता हीच फाइल उघडून पुन्हा त्याच पायरीने जतन केली, तर १३८ भागिले ६ म्हणजे बरोबर २३. नवे नुकसान जवळजवळ काहीच नाही. पण समजा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने दुसऱ्या प्रतीच्या पट्टीवर जतन केली आणि पायरी १० झाली. १३८ भागिले १० म्हणजे १३.८, पूर्णांक १४, आणि उघडल्यावर १४०. तिसऱ्या दिवशी मोबाइलमधल्या एखाद्या कार्यक्रमाने ९ ची पायरी वापरली: १४० भागिले ९ म्हणजे १५.६, पूर्णांक १६, आणि उघडल्यावर १४४. आता घाबरून पुन्हा पहिली ६ ची पायरी लावली तरी १४४ भागिले ६ म्हणजे बरोबर २४, आणि आकडा १४४ वरच राहतो. १३७ कडे परतण्याचा रस्ता नाही. प्रत जास्त ठेवली म्हणून गेलेले परत येत नाही.

इथे एक लोकप्रिय गैरसमज बाजूला करावासा वाटतो. जेपेग "प्रत्येक वेळी जतन केले की खराब होत जाते" असे सगळे सांगतात आणि त्याची तुलना झेरॉक्सच्या झेरॉक्सशी करतात. तुलना अर्धीच खरी आहे. फोटो नुसता उघडून बंद केला तर काहीच होत नाही. काही न बदलता त्याच कार्यक्रमातून त्याच पायरीने पुन्हा जतन केला, तर एक-दोन वेळा किरकोळ फरक पडतो आणि मग गाडी थांबते. खरे नुकसान तीन गोष्टींनी होते: पायरी बदलणे, मधल्या वेळेत फोटोत फेरफार करणे, आणि चौकोनांची जाळी सरकणे. चेहरा बदलण्याच्या कामात नेमक्या या तिन्ही गोष्टी घडतात, म्हणून तिथे जेपेग इतके महाग पडते.

झेरॉक्सची उपमा पूर्ण लागू पडते ती आमच्या घरातल्या एका फोटोला. आमच्या घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. फोटो काढून ठेवण्याची चैन त्याआधी कुणी केलेली नाही. आजोबांचा एकच फोटो आहे. कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून त्यांचे डोके मोठे करून घेतलेले, त्या प्रतीवरून पुन्हा फोटो काढलेला, आणि त्याची आणखी एक प्रत काकांकडे. आजोबांचे डोळे त्यात दोन काळे डाग आहेत. मूळ निगेटिव्ह कुणी ठेवली नाही. असो.

आता जाळी सरकते म्हणजे काय ते पाहू, कारण ठिगळाचा खरा चहाडखोर तोच आहे. मावशींचा दुसऱ्या फोटोतला चेहरा पहिल्या फोटोवर ठेवला, तेव्हा तो तीन ठिपके डावीकडे आणि दोन ठिपके खाली सरकवावा लागला. तिकाटणे होते, पण बटण बोटानेच दाबले होते, त्यामुळे कॅमेरा तेवढा हलला. आता विचार करा. पहिल्या फोटोची आठ-आठची जाळी जिथल्या तिथे आहे. चेहऱ्याच्या तुकड्याने मात्र आपल्या फोटोतली जाळी सोबत आणली आहे आणि ती तीन डावीकडे, दोन खाली अशी तिरपगडी बसली आहे. साध्या डोळ्याला या क्षणी दोन्ही सारखेच दिसतात. पण हे सगळे जेपेग म्हणून जतन केले की नवी जाळी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पडते. ती आजूबाजूच्या माणसांच्या जुन्या जाळीवर तंतोतंत बसते. त्यांचे आकडे पूर्वीच पायरीवर आलेले असतात, त्यामुळे त्यांना फारसा धक्का बसत नाही. मावशींच्या चेहऱ्यावर मात्र नवे चौकोन जुन्या चौकोनांना मधून कापतात. प्रत्येक नव्या चौकोनात जुन्या चार चौकोनांचे तुकडे येतात, सगळे आकडे नव्याने ठरतात आणि नव्याने भागले जातात. परिणामी एकट्या त्या चेहऱ्याचा बारीकपणा शेजाऱ्यांपेक्षा जास्त पुसला जातो.

एकदा जतन केल्याने हे डोळ्याला दिसत नाही. पण संध्याकाळी जेपेग करून ठेवले, दुसऱ्या दिवशी उघडून चेहरा एक ठिपका उजवीकडे घेतला, पुन्हा जेपेग केले, तिसऱ्या दिवशी उजेड वाढवला, पुन्हा जेपेग केले, की एकाच गालावर तीन-चार जाळ्या एकावर एक बसतात आणि शेजारच्या माणसाच्या गालावर एकच असते. वर उजेड किंवा धार वाढवली की चौकोनांच्या कडाही वाढतात. मग चेहरा मेणाचा दिसतो.

रंगाचे आणखी वेगळेच. जेपेग बहुधा उजेड पुरा ठेवते पण रंग निम्म्या बारकाव्याने ठेवते. आडवे दोन आणि उभे दोन असे चार ठिपके मिळून रंगाची एकच नोंद. मावशींनी त्या दिवशी गडद लाल काठाची साडी नेसली होती आणि डोक्यावरून पदर घेतला होता. तो लाल काठ गालाला लागून आहे. काठाचा रंग गालात उतरायला एवढे निमित्त पुरते, आणि मधले प्रत्येक जेपेग त्याला थोडा आणखी उतरवते. तुमच्या तुकड्याची कड जर याच रेषेवर असेल, तर काठाची लाली एका बाजूला पसरलेली आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ अशी दिसते.

मागच्या वर्षीच्या फोटोत याहून मोठी गोष्ट घडलेली होती. त्या मुलीच्या गालावरचे चौकोन मी पडद्यावर मोजले, तर ते आठ ठिपक्यांचे नव्हते, वीस ठिपक्यांचे होते. शेजारच्या सगळ्या चेहऱ्यांवर मात्र आठाचे. याचा अर्थ उघड आहे: तिचा चेहरा मूळ फाइलमधून आलेला नाही. कुणी तरी मोबाइलवर पाठवलेल्या, लहान झालेल्या प्रतीतून तो कापला आणि अडीच पट मोठा केला. आठ गुणिले अडीच म्हणजे वीस. चौकोनाची बाजू मोजली की तुकड्याचा पूर्वेतिहास असा कळतो. कागदावरचा हिशोबही करून पाहावा. सहा हजार ठिपके अठरा इंचांत छापले, तर एका इंचात तीनशे तेहतीस ठिपके येतात. आठाचा चौकोन म्हणजे सहा दशांश मिलिमीटर. तो भिंतीवरच्या फोटोत कोण पाहतो? वीसचा चौकोन म्हणजे दीड मिलिमीटर. आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे सबंध डोके मुळी अर्ध्या इंचाचे. अर्ध्या इंचात दीड मिलिमीटरचे चौकोन हातभर अंतरावरूनही दिसतात.

म्हणून मी काम असे केले. कॅमेऱ्याच्या कार्डावरून दोन्ही फोटो थेट संगणकात घेतले. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली प्रत चालत नाही, कारण पाठवताना ती लहान होते आणि नव्याने दाबली जाते. पाठवायचीच असेल तर `Document` म्हणून पाठवावी, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते. दोन्ही मुळांना मी नुसते वाचण्यापुरते कुलूप लावले. त्यांच्यावर पुन्हा काही जतन करायचे नाही.

आमच्या स्टुडिओत गिंप नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम आहे. त्यात पहिला फोटो उघडला आणि दुसरा `Open as Layers` करून त्याच्यावर थर म्हणून ठेवला. वरच्या थराची पद्धत `Difference` केली की दोन थरांत जिथे फरक नाही तिथे काळे दिसते आणि फरक आहे तिथे उजळ रेघा दिसतात. बाणांच्या कळा दाबत थर सरकवायचा. मागच्या भिंतीच्या विटा जेव्हा जवळजवळ काळ्या झाल्या, तेव्हा तीन डावीकडे आणि दोन खाली हे अंतर मिळाले. मग पद्धत पुन्हा `Normal` केली, वरच्या थराला काळा मुखवटा लावला आणि मऊ ब्रशाने पांढरा रंग देत फक्त मावशींचे डोके उघडे केले. कड पदराच्या सावलीतून नेली. गालावरून कड नेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या संध्याकाळी काम अर्धे राहिले, तेव्हा ते `mavshi_01.xcf` या नावाने जतन केले. हा गिंपचा स्वतःचा प्रकार. त्यात ठिपका अन् ठिपका जसाच्या तसा राहतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे थर आणि मुखवटे वेगवेगळे राहतात. जेपेगमध्ये थर नसतातच. सगळे एकमेकांत लिंपून एकच चित्र होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी चेहरा एक ठिपका हलवावासा वाटला, तर जेपेगमधून तो पुन्हा कापावा लागतो आणि आधीची कड खाली तशीच राहते. थरात मात्र चेहरा पूर्ण ठिपक्यांनी कितीही सरकवा, त्याचा एकही आकडा बदलत नाही. फिरवणे किंवा लहानमोठे करणे याला हे लागू नाही. तिथे ठिपके नव्याने बनतात, म्हणून ते काम विचार करून एकदाच करावे.

गिंपमध्ये २०१२ सालापासून (२.८ या आवृत्तीपासून) एक सोय आहे, तिचे मला कौतुक वाटते. `Save` म्हटले की फक्त त्याचा स्वतःचा प्रकारच मिळतो. जेपेग हवे असेल तर मुद्दाम `Export As` मध्ये जावे लागते. नवशिक्या माणसाला याचा राग येतो. आमच्या स्टुडिओवाल्या काकांनासुद्धा येतो. पण मधले काम चुकून जेपेग होऊ नये, यासाठी ती आडकाठी उपयोगी आहे.

दुसऱ्या संध्याकाळी चेहऱ्याचा उजेड जुळवायचा होता. दोन फोटोंच्या मध्ये ढग सरकून गेला होता आणि दुसरा फोटो किंचित गडद होता. हे काम स्टुडिओतल्या दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या कार्यक्रमात करायचे होते आणि तो गिंपची फाइल उघडत नाही. अशा वेळी हात आपोआप जेपेगकडे जातो. तिथे पीएनजी किंवा टिफ वापरावे. पीएनजी १९९६ सालचे, टिफ त्याहून दहा वर्षे जुने. पीएनजी फाइल लहान करते, पण कोरडे धान्य गच्च भरल्यासारखी. दाणा टाकून देत नाही. टिफच्या आत मात्र कधी कधी जेपेगची दाबणीही ठेवता येते, म्हणून जतन करताना दाबणी `None` किंवा `LZW` आहे ना, हे पाहून घ्यावे. फक्त चेहऱ्याचा थर मी पीएनजी करून नेला, उजेड जुळवला, पीएनजी म्हणूनच परत आणला आणि जुन्या थराच्या जागी ठेवला.

एक इशारा मात्र हवा. जेपेग उघडून पीएनजी म्हणून जतन केले की फोटो सुधारतो, असे सांगणारे भेटतात. शिळा भात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर आणखी बिघडणार नाही एवढेच. ताजा होणार नाही. कॅमेऱ्याने जे पहिल्यांदा टाकून दिले ते गेलेच. आपण फक्त दुसरे, तिसरे, चौथे टाकणे थांबवतो.

या सगळ्याची किंमत जागेत मोजावी लागते. दोन मोठ्या थरांची फाइल शंभर एमबीच्या पुढे गेली आणि चार संध्याकाळच्या चार फाइली झाल्या. काका म्हणाले, "एका डोक्यासाठी केवढा पसारा!" पण काम संपले की पहिल्या तीन पुसून टाकता येतात.

मधेच कुठे जेपेग घुसले नाही ना, हे तपासण्याची एक खात्रीची युक्ती आहे आणि ती फारसे कुणी करत नाही. काम झाल्यावर कुलूप लावलेला मूळ पहिला फोटो सगळ्यांत वरचा थर म्हणून ठेवावा आणि त्याची पद्धत `Difference` करावी. मावशींचे डोके सोडून बाकी सारा फोटो निखळ काळा दिसला पाहिजे. काळपट नव्हे, शून्य. बारीक फरक डोळ्याला कळत नाहीत म्हणून `Levels` मधून उजेड खूप ताणून पाहावे. तरीही काळेच राहिले, तर बेचाळीस माणसांच्या एकाही ठिपक्याला धक्का लागलेला नाही. काळ्यावर धुळीसारखे ठिपके आणि चौकोन उमटले, तर समजावे की वाटेत कुठे तरी फाइल दाबली गेली आहे किंवा उघडताना रंगाची मांडणी बदलली आहे. मग मागच्या संध्याकाळची फाइल उघडून तिथून पुन्हा निघावे. आमच्या फोटोत डोक्याच्या आकाराचा एक उजळ डाग आणि बाकी अंधार, एवढेच दिसले.

शेवटी जेपेग एकदाच. फोटो छापणाऱ्या प्रयोगशाळेला जेपेगच लागते, म्हणून `Export As` मधून प्रत ९५ आणि रंगाची काटछाट न करणारा `4:4:4` हा पर्याय निवडला. कडेचा थोडा भाग छाटायचा होता, तोही या क्षणापर्यंत राखून ठेवला होता, कारण डावीकडून किंवा वरून आठाच्या पटीत नसलेली छाटणी केली की सगळ्याच माणसांची जाळी सरकते. या वार्षिकांकाच्या छापखान्याला टिफ दिले. मोबाइलवर वाटण्यासाठीची लहान प्रत छापायच्या जेपेगवरून केली नाही. ती पुन्हा थरांच्या फाइलवरून वेगळी काढली.

एवढे करूनही तुकडा कुणालाच सापडणार नाही, असे समजू नये. माझे सगळे म्हणणे डोळ्याला खटकणाऱ्या ठिगळापुरते आहे. मावशींच्या चेहऱ्यावर दुसऱ्या फोटोची जाळी अजूनही आहे. ती मी काढलेली नाही आणि काढताही येत नाही. हनी फरीद या अमेरिकेतल्या संशोधकाने २००९ साली दाखवलेली एक रीत अशी: संशयित फोटो मुद्दाम वेगवेगळ्या प्रतींवर पुन्हा जतन करायचा आणि प्रत्येक वेळी मूळ फाइलपासूनचा फरक पाहायचा. जो तुकडा पूर्वी कमी प्रतीवर दाबला गेला होता, त्याची ती जुनी प्रत आली की त्याच्यापुरता फरक एकदम कमी होतो आणि तो तुकडा भुतासारखा काळा उमटतो. मघाच्या उदाहरणातली ६ ची पायरी आठवावी. १३८ ला ६ ने भागले की बाकी उरत नाही, तेच हे. आमच्या फोटोत दोन्ही भाग एकाच कॅमेऱ्याच्या एकाच प्रतीचे असल्याने ते अवघड जाईल, पण जाळीचा सरकलेपणा मोजणाऱ्याला तो सापडेल. उजेडाची दिशा आणि फोटोतली बारीक रवाळी पाहणाऱ्या रीती आणखी वेगळ्या आहेत. फाइल कोणत्या प्रकारात ठेवली याच्याशी त्यांचा संबंध नाही.

आणि लपवायचे होते तरी काय? चौकटीच्या मागे चिकटवलेल्या कागदावर नावांच्या यादीखाली आम्ही लिहिले आहे की हे छायाचित्र लागोपाठ काढलेल्या दोन छायाचित्रांवरून केले आहे. ओळखपत्राचा, बातमीचा किंवा पुराव्याचा फोटो असता, तर मी या कामाला हातच लावला नसता. स्टुडिओतही तशी कामे परत पाठवली जातात.

दोन मूळ फोटो आणि `mavshi_04.xcf` विभागाच्या संगणकात ठेवले आहेत. कुणाला पाहायचे असेल तर गिंपमध्ये ती फाइल उघडून वरच्या थराशेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर एकदा टिचकी मारावी. मावशी डोळे मिटतात. पुन्हा मारली की उघडतात.